हृदयाभोवती साचलेले रक्तमिश्रित पाणी

हृदयाभोवतीच्या पातळ पिशवीत, म्हणजे हृदयावरणात, द्रव झपाट्याने साचला की उजवे अलिंद दाबले जाते, हृदयात रक्त पुरेसे भरत नाही आणि कुत्रा कोसळतो. गोल्डन रिट्रीव्हरसारख्या जातीचा ९ वर्षांचा कुत्रा फिकट हिरड्या, क्षीण नाडी आणि दबलेले हृदयध्वनी घेऊन आला, तर सोनोग्राफीत हृदयाभोवती काळे वलय आणि त्यात आत दबणारी अलिंदाची भिंत दिसते. अशा वेळी लघवी वाढवणारे औषध दिल्यास हृदयात येणारे रक्त आणखी घटते, म्हणून ते टाळून द्रवच काढावा लागतो.

त्यासाठी सहसा उजव्या बाजूने, पाचव्या बरगडीमागच्या फटीत, जागा बधिर करून कॅथेटर घालतात व ईसीजीवर लक्ष ठेवतात, कारण टोक हृदयाला टेकताच ठोके अनियमित होतात. निघालेला द्रव बहुधा रक्तासारखाच दिसतो. तो साध्या नळीत गोठला, तर सुई हृदयात शिरल्याची किंवा ताजा रक्तस्राव चालू असल्याची शंका घ्यावी.

कारण शोधणे अधिक अवघड असते. प्रकृती परवानगी देत असेल, तर द्रव काढण्यापूर्वीच गाठ शोधावी, कारण द्रवाच्या काळ्या पार्श्वभूमीवर ती उठून दिसते. उजव्या अलिंदावरील गाठ रक्तवाहिन्यांच्या कर्करोगाकडे, म्हणजे हिमँजिओसार्कोमाकडे, बोट दाखवते, त्यामुळे प्लीहाही तपासावी. महारोहिणीच्या मुळाशी असलेली गाठ बहुधा सावकाश वाढणारी असते. द्रवातील पेशींची तपासणी येथे अनेकदा निरुपयोगी ठरते. गाठ न दिसल्यास अज्ञातहेतुक प्रकार संभवतो, मात्र लहान गाठ नजरेतून सुटू शकते, म्हणून काही दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी करावी.