तबकडीचा तापमापक

काचेच्या तापमापकात खाली फुगा आणि वर केसासारखी बारीक नळी असते. तापल्यावर पारा किंवा रंगीत अल्कोहोल काचेपेक्षा कितीतरी जास्त प्रसरण पावते. फुग्यात न मावणारा तो थोडासा द्रव अरुंद नळीत चढतो आणि नळी बारीक असल्यामुळे ती वाढ डोळ्यांना दिसते.

द्विधातू पट्टीत द्रव नसतोच. पितळ आणि इन्व्हार हे लोह-निकेलचे मिश्रधातू यांच्या पट्ट्या एकमेकींना घट्ट जोडलेल्या असतात. १० सेंटिमीटरची पट्टी १०० अंशांनी तापली, तर पितळ सुमारे ०.१९ मिलिमीटर वाढू पाहते, इन्व्हार जेमतेम ०.०१. जोड सुटत नाही, म्हणून पट्टी इन्व्हारच्या बाजूला वाकते. हे वाकणे मोठे करण्यासाठी पट्टीचे स्प्रिंगसारखे वेटोळे करून ते पोकळ दांड्यात बसवतात. एक टोक पक्के असते, दुसरे काटा फिरवते.

ओव्हनमध्ये २५० अंशांवर अल्कोहोल चालणार नाही. ते ७८ अंशांनाच उकळते. पारा टिकेल, पण काच फुटली तर त्याची विषारी वाफ अन्नाजवळ पसरेल. गिझरच्या टाकीत दांडा आत राहतो आणि तबकडी बाहेरून, दुरूनही वाचता येते. अचूकता मात्र बेताचीच. धक्का बसला की काटा सरकतो. पारख सोपी आहे: दांडा उकळत्या पाण्यात धरावा. मुंबईत काटा १०० वर हवा, महाबळेश्वरला उंचीमुळे साधारण ९५ ते ९६ वर.