खात्यातून गेले, हातात आले नाहीत

नागपूरपासून सुमारे 30 किलोमीटरवर असलेल्या खापरखेड्यात 15 जून 2022 रोजी एकाने एटीएममधून 500 रुपये काढायला घेतले, तर यंत्राने पाचशेच्या पाच नोटा पुढे केल्या. त्याने पुन्हा करून पाहिलं, पुन्हा अडीच हजार. बातमी पसरली, एटीएमसमोर गर्दी झाली आणि अखेर पोलिसांनी ते बंद करून बँकेला कळवलं. शंभराच्या खणात चुकून पाचशेच्या नोटा भरल्या गेल्या होत्या. यंत्र नोटा मोजत होतं, पण नोट कितीची हे त्याला कळत नव्हतं. खात्यातली नोंद आणि हातात पडलेली रोख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या उघडपणे क्वचितच दिसतं.

आपल्याला नेहमी भेटतो तो याच्या उलटा प्रकार. यंत्रात खडखड होते, नोटा येत नाहीत आणि ‘10,000 रुपये वजा’ असा मेसेज मात्र फोनवर येऊन थडकतो.

याचं कारण कामाच्या क्रमात आहे. समजा, सीताबर्डीवरच्या दुसऱ्याच बँकेच्या एटीएममध्ये तुम्ही कार्ड घातलं. तुमची मागणी त्या बँकेकडून ‘नॅशनल फायनान्शियल स्विच’ या जाळ्यामार्फत तुमच्या बँकेकडे जाते. तुमची बँक शिल्लक पाहते, रक्कम लगेच खात्यातून कापते आणि मग होकार पाठवते. तो मिळाल्यावरच यंत्र खणातून एकेक नोट ओढू लागतं. आधी नोटा देऊन मागून रक्कम कापायची ठरवली आणि मध्येच लाइन तुटली, तर पैसे घेऊन गेलेल्या माणसाला बँक कुठे शोधणार? म्हणून कापणं आधी, देणं नंतर.

नोट अडकली किंवा खण रिकामा निघाला आणि ते यंत्राला कळलं, तर व्यवहार उलटवण्याचा निरोप मागे जातो आणि पैसे बऱ्याचदा काही मिनिटांतच परत येतात. पंचाईत होते ती हा निरोपच हरवला की. नोटा शटरपर्यंत आल्या आणि नेमकी वीज गेली, तर ग्राहकाने त्या घेतल्या की नाही हे तुमच्या बँकेला कळायला मार्ग नाही. आणखी निरोप पाठवून हा प्रश्न सुटत नाही, कारण प्रत्येक निरोपाची पोच हरवू शकते. संगणकशास्त्रात याला ‘दोन सेनापतींचा प्रश्न’ म्हणतात. बेभरवशाच्या वाटेने कितीही निरोप्ये पाठवले, तरी ‘आपलं ठरलं’ अशी पक्की खात्री दोघांनाही कधीच होत नाही.

मग निकाल लावतात त्या प्रत्यक्ष नोटा. यंत्र प्रत्येक हालचालीची नोंद ठेवतं: किती नोटा ओढल्या, किती शटरशी आणल्या, किती उचलल्या गेल्या. दोन नोटा चिकटून आल्या तर त्या नाकारलेल्या नोटांच्या पेटीत जातात. खण आणि ही पेटी मोजून हिशेब जुळवला की खापरखेड्यासारख्या प्रकारात रोख कमी भरते, तुमच्या प्रकारात 10,000 जास्त. ही मोजणी, दोन बँकांच्या याद्या आणि स्विचची नोंद यांचा मेळ घालण्यातच दिवस जातात.

या दिवसांना रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2019च्या परिपत्रकाने मर्यादा घातली आहे. व्यवहाराच्या तारखेपासून पाच दिवसांत पैसे परत आलेच पाहिजेत, तेही तक्रारीची वाट न पाहता. दिवस कॅलेंडरचे, सुट्ट्या वगळायच्या नाहीत. व्यवहार 10 तारखेचा असेल तर मुदत 15 पर्यंत. त्यानंतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई, तीही न मागता. पैसे 19 तारखेला आले, तर 10,000 सोबत 400 रुपयेही जमा व्हायला हवेत. मूळ रक्कम आली की लोक निश्चिंत होतात आणि हे 400 पाहायचे राहून जातात.

खरी अडचण येते ती बँक ‘व्यवहार यशस्वी’ असं उत्तर देते तेव्हा. शटरच्या तोंडाशी पट्टी चिकटवून नोटा अडकवणारे चोर असतात. तसंच नोटा हातात घेऊन ऐन वेळी वीज तोडायची आणि ‘मिळाल्याच नाहीत’ म्हणायचं, असंही करणारे असतात. त्यामुळे नुसत्या शब्दावर बँक विसंबत नाही. अशा वेळी पावती किंवा मेसेजमधला व्यवहार क्रमांक, एटीएमचा क्रमांक आणि वेळ देऊन आपल्याच बँकेकडे लेखी तक्रार करावी, एटीएम कुणाचंही असलं तरी. यंत्राची नोंद, रोख मोजणीचा अहवाल आणि कॅमेऱ्याचं चित्रण तपासा, असं तीत स्पष्ट लिहावं. चित्रण कायम ठेवलं जात नाही, म्हणून ही तक्रार पाच दिवस संपायची वाट न पाहता केलेली बरी. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर विनाशुल्क दाद मागता येते.