पिसवा कुत्र्यावर कमी, घरात जास्त

पावसाळा सुरू झाला की जनावरांच्या डॉक्टरांकडे एक तक्रार हमखास येते. कुत्र्याला पिसवा झाल्या, मानेवर थेंबांचं औषध टाकलं, आठ-दहा दिवस बरे गेले आणि मग कुत्रं पुन्हा खाजवायला लागलं. औषधच बनावट होतं, असं मालक ठरवतात आणि दुसऱ्या कंपनीचं आणतात. बहुतेक वेळा औषधाने आपलं काम चोख केलेलं असतं. नव्या पिसवा येतात त्या कुत्र्याच्या अंथरुणातून.

कुत्र्याच्या केसांत पळताना दिसते ती वाढ पूर्ण झालेली पिसू. घरातल्या सगळ्या अंडी, अळ्या, कोष आणि पिसवांची गोळाबेरीज केली, तर अंगावरच्या पिसवांचा वाटा साधारण 5 टक्केच भरतो. मादी रक्त प्यायल्यावर दीड-दोन दिवसांत अंडी घालू लागते आणि ऐन भरात दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालते. ही अंडी उवांच्या लिखांसारखी केसाला चिकटत नाहीत. ती गुळगुळीत असतात, त्यामुळे कुत्रं हललं की खाली गळतात. कुत्रं जिथे तासन्‌तास झोपतं, तिथेच ती सर्वाधिक साठतात.

एक हिशेब करून पाहू. 1 जुलैला औषध टाकलं, तेव्हा कुत्र्यावर वीस माद्या होत्या असं धरू. प्रत्येकीची रोजची चाळीस अंडी म्हणजे दिवसाला 800. पंधरा दिवस हे चाललं असेल, तर 12 हजार अंडी गोणपाटात, सोफ्याच्या फटीत आणि फरशीच्या सांध्यांत पोचली. त्यातली बरीच मरतात, पण उरतात तीही थोडीथोडकी नसतात. अंड्यांतून काही दिवसांत बिनपायांच्या पांढुरक्या अळ्या निघतात. त्या रक्त पीत नाहीत. मोठ्या पिसवांची विष्ठा, म्हणजे वाळलेलं रक्त, अंथरुणात पडलेली असते आणि त्यावरच त्या पोसतात. उजेड टाळून त्या कापडाच्या तळाशी शिरतात. कोरड्या हवेत त्या मरतात, म्हणूनच जुलैतली दमट हवा त्यांना मानवते.

खरी अडचण पुढच्या अवस्थेची आहे. आठ-दहा दिवसांनी अळी स्वतःभोवती रेशमी कोष विणते. तो चिकट असल्याने त्याला धूळ लागते आणि तो दिसेनासा होतो. घरात फवारायच्या कीटकनाशकांचाही कोषातल्या जिवावर फारसा परिणाम होत नाही. आत तयार झालेली पिसू लगेच बाहेर पडते असंही नाही. ऊब, दाब, हादरा, श्वासातला कार्बन डायऑक्साइड, यांवरून प्राणी जवळ आल्याचं कळेपर्यंत ती काही महिनेसुद्धा थांबू शकते. महिनाभर बंद असलेल्या घरात पाऊल टाकताच पायांवर पिसवा चढतात, त्या अशा.

तेव्हा आपल्या उदाहरणात जूनअखेर पडलेल्या अंड्यांच्या पिसवा जुलैच्या मध्यापासून बाहेर पडणार, आणि काही कोष त्यानंतरही कित्येक आठवडे फुटत राहणार. हे आधीच गृहीत धरावं लागतं.

कुत्र्याचं अंथरूण दर आठवड्याला निदान 60 अंश तापलेल्या पाण्यात धुवावं आणि कडक उन्हात वाळवावं. गोणपाट धुण्याजोगं नसेल, तर पिशवीत घट्ट बांधून टाकून द्यावं. सोफा, गादीच्या कडा, कपाटाखालची जागा यांवर व्हॅक्यूम क्लीनर फिरवावा. तो अंडी आणि पिसवांची विष्ठा ओढून घेतो, आणि त्याच्या हादऱ्याने कोष फुटतात हा आणखी एक फायदा. आतला कचरा लगेच घराबाहेर न्यावा. फवारणी करायचीच असेल, तर अळ्यांची वाढ रोखणारं, मेथोप्रीन किंवा पायरिप्रॉक्सिफेन असलेलं औषध डॉक्टरांना विचारून घ्यावं. घरात मांजर असेल तर तिलाही औषध हवं, कारण तीच पिसू दोघांवर जगते. मात्र कुत्र्याचं औषध तिला कधीही लावू नये. त्यातलं पर्मेथ्रिन मांजराचा जीव घेऊ शकतं.

या काळात कुत्र्याला दुसरीकडे पाठवू नये. चांगल्या औषधाचा अंमल असलेल्या कुत्र्यावर नवी पिसू उडी मारते आणि अंडी घालण्याआधीच मरते. घरातला साठा अशानेच रिकामा होत जातो. म्हणून महिन्याचा डोस निदान तीन महिने चुकवू नये.

फरक पडतोय का, हे बारीक दातांच्या फणीने कळतं. आठवड्यातून एकदा शेपटीच्या मुळापासून केस विंचरून निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाकावेत. तांबूस डाग उमटला तर ती पिसवांची विष्ठा, नाहीतर साधी माती. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एखाददुसरी पिसू दिसली पण डाग कमी होत चालले असतील, तर उपाय लागू पडतोय. दोन महिन्यांनंतरही डाग तेवढेच असतील, तर जिन्याखाली किंवा ओट्याच्या सावलीत भटकी कुत्री-मांजरं बसतात का, ते पाहावं.