अडीच की साडेबासष्ट?

4 मे 2022 रोजी रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी अचानक जाहीर केलं की रेपो दर 4 टक्क्यांवरून 4.40 टक्के होणार. दर ‘0.40 टक्क्यांनी’ वाढला, असं सगळेच म्हणाले. आता हे वाक्य शब्दशः घेऊन हिशेब करा. 4 चे 0.40 टक्के म्हणजे 0.016, म्हणजे नवा दर 4.016 व्हायला हवा. तो तर 4.40 झाला. वाढ मूळ दराच्या 10 टक्के होती.

गोंधळाचं कारण एवढंच, की जी गोष्ट मुळात टक्क्यांत मोजली जाते, तिच्यातला बदल दोन प्रकारे सांगता येतो. नव्या दरातून जुना वजा केला की उरतात ते टक्केबिंदू, म्हणजेच पर्सेंटेज पॉइंट. तीच वजाबाकी जुन्या दराने भागली की मिळतो टक्क्यांतला बदल. पहिल्यात 0.40, दुसऱ्यात 10. रिझर्व्ह बँक स्वतः ‘40 बेसिस पॉइंट’ म्हणते, ते याचसाठी. एक बेसिस पॉइंट म्हणजे टक्केबिंदूचा शंभरावा भाग, त्याचा दुसरा अर्थ निघत नाही. बातमीपर्यंत येताना मात्र ‘बिंदू’ गळतो आणि ‘टक्के’ उरतात.

त्या मेपासून फेब्रुवारी 2023 पर्यंत दर सहा वेळा वाढला: 40, मग तीनदा 50, मग 35, शेवटी 25 बेसिस पॉइंट. बेरीज 250. दर 4 वरून 6.50 वर आला, हिशेब चोख जुळतो. हीच सहा पावलं टक्क्यांच्या बदलात मांडली, तर पहिलं 10 टक्क्यांचं, दुसरं सुमारे 11.4, आणि शेवटचं 25 पॉइंटचं फक्त 4 टक्क्यांचं. सहांची बेरीज पावणेएक्कावन्नच्या आसपास येते. प्रत्यक्षात 4 वरून 6.50 ही साडेबासष्ट टक्के वाढ आहे. कुणी आकडे चोरले नाहीत. प्रत्येक पावलाला भागायचा पाया बदलत गेला, म्हणून ते बेरजेला उभे राहत नाहीत. टक्केबिंदू मात्र बिनधास्त मिळवावेत.

मग ‘अडीच’ खरं की ‘साडेबासष्ट’? दोन्ही खरे, पण कर्जदाराला दोन्ही पुरत नाहीत. समजा, रेपोवर आणखी अडीच टक्के लावून बँकेने बदलत्या दराचं गृहकर्ज दिलं आहे. रेपो 4 असताना त्याचा दर 6.50, रेपो 6.50 झाल्यावर 9 टक्के. फरक इथेही अडीच टक्केबिंदूच, पण कर्जाचा दर साडेबासष्ट नव्हे, सुमारे साडेअडतीस टक्क्यांनी वाढला, कारण पाया 4 चा नाही, 6.50 चा आहे.

हा साडेअडतीस टक्क्यांचा आकडा पोकळ नाही. 30 लाख बाकी असतील, तर पूर्वी महिन्याचं व्याज 16,250 रुपये होत होतं, आता 22,500 होतं. वाढ 6,250 रुपये, तीच सुमारे साडेअडतीस टक्के. 20 वर्षांचा हप्ता मात्र 22,367 वरून 26,992 रुपयांवर जातो. ही वाढ साधारण 21 टक्के, कारण हप्त्यात मुद्दलही असतं. आता 22,500 आणि 22,367 हे दोन आकडे शेजारी ठेवा. 30 लाखांवरचं नवं व्याज जुन्या हप्त्याहून जास्त भरतं. अशा वेळी हप्ता तोच ठेवून नुसती मुदत वाढवली, तर मुद्दल फिटायच्या ऐवजी वाढत जाईल. ‘अडीच टक्केच तर वाढले’ म्हणणाऱ्याला ही गोष्ट दिसतच नाही.

मात्र उलट्या दिशेने छाती दडपून टाकणाराही असतो. पाया लहान असला की टक्क्यांचा बदल फुगतो. 4 वरून 5 म्हणजे 25 टक्के वाढ, तर फेब्रुवारी ते जून 2025 मध्ये दर 6.50 वरून 5.50 झाला ती घट जेमतेम साडेपंधरा टक्के. दोन्हीकडे टक्केबिंदू एकच. म्हणून मोठा आकडा समोर आला की आधी जुना आणि नवा दर मागावा. ते दोन मिळाले, की बाकीचं आपलं आपण काढता येतं.

ही चूक सर्वांत गुपचूप होते ती एक्सेलच्या तक्त्यात. A2 मध्ये 4%, B2 मध्ये 6.5% असेल, तर

```
=B2-A2
=B2/A2-1
```

उत्तरांच्या खणांना दोन दशांशांचं टक्क्यांचं स्वरूप दिलं, की पहिलं सूत्र 2.50% दाखवतं, दुसरं 62.50%. दोन्हींच्या पुढे तेच टक्क्याचं चिन्ह. पहिल्या उत्तरापुढचं चिन्ह खरं तर टक्केबिंदूंचं आहे, पण एक्सेलला ते कळत नाही. वर मथळा नुसता ‘बदल’ असेल, तर तक्ता पुढे पाठवल्यावर वाचणाऱ्यालाही कळणार नाही. मथळ्यात ‘बदल, टक्केबिंदू’ असं लिहावं, किंवा 100 ने गुणून साधा 2.5 ठेवावा आणि चिन्ह काढून टाकावं.