चौकटीवरची नळी, दंडावरची डबी

अलिबाग, पेण, रेवदंड्याकडची बेने इस्राएल घरं किंवा पुण्यातलं एखादं ज्यू कुटुंबाचं घर पाहिलं असेल, तर दाराच्या चौकटीला उजव्या हाताला ठोकलेली बोटभर लांबीची नळी दिसली असेल. घरातली माणसं येता-जाता तिला हात लावतात आणि तो हात ओठांना टेकवतात. शेजाऱ्यांना दिसते ती नळी, आणि तिलाच ते मेझुझा म्हणतात. पण नळी लाकडाची असो, चांदीची असो की प्लॅस्टिकची, धर्मशास्त्राच्या दृष्टीने तिला काहीच किंमत नाही. खरा मेझुझा म्हणजे आत गुंडाळून ठेवलेला चामड्याचा तुकडा.

हे चामडं शुद्ध मानलेल्या जनावराचं, कमावून लिहिण्याजोगं केलेलं असतं. त्यावर सोफेर, म्हणजे धर्मलेखक, काळ्या शाईने आणि पिसाच्या किंवा बोरूच्या लेखणीने तोरातल्या अनुवाद या पुस्तकातले दोन उतारे लिहितो. ओळी बावीस, अक्षरं ७१३. देव एकच आहे असं सांगणारी शेमाची प्रार्थना पहिल्या उताऱ्यात येते, आणि ही वचनं दाराच्या चौकटींवर लिही, ही आज्ञाही तिथेच आहे. ही शेमा कोकणातल्या बेने इस्राएलांनी, बाहेरच्या ज्यूंशी संबंध तुटलेला असतानाही, तोंडपाठ जपली होती असं त्यांच्या परंपरेत सांगतात.

तेफिलीनमध्ये हेच दोन उतारे असतात, शिवाय निर्गम या पुस्तकातले आणखी दोन. चामड्याच्या दोन काळ्या चौकोनी डब्या आणि त्यांना काळे पट्टे, असं त्याचं रूप. दंडावरच्या डबीत चारही उतारे एकाच पट्टीवर लिहिलेले असतात. डोक्यावरच्या डबीला चार कप्पे असतात आणि प्रत्येकात एकेक चिठ्ठी. उजव्या हाताने काम करणारा माणूस दंडाची डबी डाव्या दंडावर, हृदयाकडे झुकलेली बांधतो, पट्टा कोपरापासून मनगटापर्यंत सात वेळा गुंडाळतो आणि मग दुसरी डबी डोक्यावर, केस उगवतात तिथून वर ठेवतो. ती कपाळावर घसरली, तर ठेवली असं धरत नाहीत. हे सगळं सकाळच्या प्रार्थनेपुरतं. शब्बाथला आणि मोठ्या सणांना तेफिलीन घालत नाहीत.

या दोन्हींच्या लिखाणातला सर्वांत कडक नियम क्रमाचा आहे. अक्षरं ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने लिहायची. तोराच्या गुंडाळीत चुकलेलं अक्षर नंतर दुरुस्त करता येतं, इथे नाही. पुढचं लिहून झाल्यावर मागे राहिलेलं अक्षर भरलं, तर क्रम मोडला आणि तुकडा बाद.

म्हणूनच तपासणी महत्त्वाची. घरचा मेझुझा सात वर्षांत दोनदा उघडून पाहायचा असा नियम आहे. ऊन, ओल किंवा रंगाऱ्याचा ब्रश यांनी शाई उडते. समजा, 'वाव' या अक्षराचा पाय थोडा झिजला. 'वाव' म्हणजे उभी रेघ आणि वर छोटं डोकं; पाय आखूड झाला की ते 'योद' दिसू लागतं. अशी शंका आली की सोफेर एका लहान मुलाला बोलावतो. मूल फार हुशारही नको आणि मंदही नको, अक्षरं तेवढी ओळखता आली पाहिजेत. हे कोणतं अक्षर, एवढंच त्याला विचारतात. मूल 'वाव' म्हणालं तर तुकडा शाबूत. 'योद' म्हणालं तर पाय वाढवून उपयोग नाही, कारण ते अक्षर आता नव्याने घडवल्यासारखं होईल, आणि क्रम मोडेल. एका अक्षरासाठी ७१३ अक्षरांचं काम पुरावं लागतं, कारण देवाचं नाव असलेलं लिखाण फेकत नाहीत. मला हा नियम निष्ठुर वाटतो, पण वाद मिटवायला पंडिताऐवजी मुलाला विचारणं फार शहाणपणाचंही वाटतं.

शेजाऱ्याला यातलं काही दिसत नाही आणि गोंधळ होतो तो तिथेच. २०१० साली न्यूयॉर्कहून केंटकीला निघालेल्या विमानात एका सतरा वर्षांच्या मुलाने तेफिलीन बांधलं; डब्या आणि पट्टे पाहून कर्मचारी घाबरले आणि विमान फिलाडेल्फियात उतरवलं गेलं. शिकागोच्या एका इमारतीत २००४ मध्ये, सामायिक मार्गात वस्तू लावू नयेत या नियमाखाली चौकटींवरचे मेझुझे काढले गेले. चौकटीची बाहेरची बाजू घरमालकाची की सोसायटीची, असा तो वाद होता. तो न्यायालयात गेला, आणि २००९ मध्ये अपील न्यायालयाने भेदभावाच्या आरोपावर खटला चालू शकतो, असं ठरवलं.

घर सोडताना पुढचा रहिवासी ज्यू नसेल तर मेझुझा काढून न्यायचा असतो, तरी कधी तो राहून जातो. जुन्या घराच्या चौकटीवर अशी नळी सापडली, तर तिच्यावर रंग मारू नका, कचऱ्यातही टाकू नका. जवळच्या सिनेगॉगमध्ये नेऊन द्या. पुढचं तिथले लोक पाहतील.