एक रस्ता, अनेक दावेदार

संगणकातील बस म्हणजे सामायिक तारांचा जुडगा. एका वेळी त्यावर एकच उपकरण बोलू शकते. मग पाळी कोणाची?

1970 मध्ये आलेल्या पीडीपी-11 संगणकाच्या युनिबसने साखळीची पद्धत वापरली. परवानगीचा संकेत एका कार्डातून पुढच्या कार्डात जाई. ज्याला बस हवी असेल ते कार्ड तो अडवून ठेवी. तारा कमी लागत, पण प्रोसेसरजवळच्या कार्डाला नेहमी झुकते माप मिळे. मधली एखादी खाच रिकामी राहिली, तर साखळीच तुटे आणि पलीकडच्या कार्डांना परवानगी पोहोचत नसे. म्हणून रिकाम्या खाचेत संकेत पुढे नेणारे छोटे कार्ड बसवावे लागे.

इंटेलने 1992 मध्ये आणलेल्या पीसीआय बसने मध्यवर्ती समांतर पद्धत स्वीकारली. प्रत्येक कार्डाला मागणीची आणि परवानगीची स्वतंत्र तार असते आणि निवाडा एकच मध्यस्थ करतो. आधीची देवाणघेवाण चालू असतानाच पुढचा निर्णय होतो, त्यामुळे निवाड्यात सहसा वेळ जात नाही.

आता वेगाचा हिशेब. बसची रुंदी 32 बिट, म्हणजे 4 बाइट. घड्याळाचे ठोके सेकंदाला 33.3 दशलक्ष.

4 × 33.3 = 133 मेगाबाइट प्रतिसेकंद

हा आकडा कमाल मर्यादेचा आहे. आठ शब्द, म्हणजे 32 बाइट लिहायचे, तर पत्त्याला एक ठोका, माहितीला आठ आणि पुढच्या पाळीआधी एक मोकळा, असे दहा ठोके लागतात. तेवढ्याला 300 नॅनोसेकंद जातात आणि हाती सुमारे 107 मेगाबाइटच उरतात. एकेकच शब्द पाठवला, तर तीन ठोक्यांत चारच बाइट जातात आणि वेग 44 वर घसरतो.