शंभर ताटं सांगायची की दीडशे?

पुण्यातलं एक गुंतवणूक सल्लागारांचं ऑफिस घ्या. ग्राहक बहुतेक पन्नाशी-साठीचे, निवृत्तीच्या उंबरठ्यावरचे. वर्षातून एकदा सगळ्यांना बोलवायचं, तासभर बाजाराबद्दल बोलायचं आणि मग जेवण. नव्वद कुटुंबं, म्हणजे दोघं धरली तर एकशेऐंशी माणसं. कर्वे रस्त्यावर नळस्टॉपजवळच्या एका हॉटेलचा हॉल धरला, तारीख शनिवार, १७ जानेवारी. सगळं ठरतं आणि हॉटेलचा मॅनेजर एकच प्रश्न विचारतो: ‘‘साहेब, गॅरंटी किती?’’

गॅरंटी म्हणजे किती ताटांचे पैसे नक्की देणार तो आकडा. साधारण तीन दिवस आधी तो द्यावा लागतो. त्याहून कमी माणसं आली तरी बिल त्या आकड्याचं लागतं. जास्त आली तर हॉटेलं पाच-दहा टक्क्यांपर्यंत सांभाळून घेतात, त्यापुढे पनीर संपतं. ताट नऊशे रुपयांचं असेल आणि आकडा वीसनं चुकला, तर अठरा हजार गेले. म्हणून निमंत्रणातली सगळ्यात महत्त्वाची ओळ ‘कधीपर्यंत कळवावे’ ही.

आपल्याकडे नेमकी तीच लिहायला जीभ अडखळते. लग्नाच्या पत्रिकेत आपण आग्रह करतो, ‘येणार का ते कळवा’ असं म्हणत नाही. ते पाहुण्याला तोलल्यासारखं वाटतं. ग्राहकाच्या बाबतीत तर जास्तच, कारण त्याला दुखवायचं नसतं. पण कारण सांगितलं की कुणाला राग येत नाही. ‘जेवणाची व्यवस्था नेमकी व्हावी म्हणून शनिवार, १० जानेवारीपर्यंत आपण किती जण येणार ते कृपया कळवावे’ यात खटकण्यासारखं काही नाही. ‘सहकुटुंब’ मात्र लिहू नये. कुणी बायकोला आणतो, कुणी सून-नातवंडांसकट येतो. ‘आपण दोघांनी’ असं लिहिलं की प्रश्न मिटतो.

१० तारीख का? हिशेब उलटा करायचा. हॉटेलला आकडा बुधवारी, १४ तारखेला हवा. मुदत १३ ठेवली तर न कळवणाऱ्यांना फोन करायला वेळच उरत नाही, आणि न कळवणारे असतातच. नव्वदांपैकी अठ्ठेचाळीस कुटुंबांनी १० तारखेपर्यंत उत्तर दिलं, त्यातली एक्केचाळीस येणार म्हणाली, असं धरू. उरलेल्या बेचाळिसांना सोमवारी आणि मंगळवारी फोन. त्यात बारा ‘हो’, चौदा ‘नाही’, आणि सोळा जण म्हणतात ‘प्रयत्न करतो’. मराठी माणसाचं ‘प्रयत्न करतो’ हे बहुतेक वेळा सभ्य ‘नाही’ असतं. ती सोळा कुटुंबं मी पाव धरतो. नक्की ‘हो’ त्रेपन्न, त्यातली नऊ माणसं एकटी येणार, म्हणजे सत्त्याण्णव. त्यात ‘प्रयत्न’वाल्यांतले सात-आठ मिळवले तर एकशेचार-पाच. गॅरंटी शंभर सांगायची, बाकी हॉटेल सांभाळतं. एकशेऐंशी बोलावली म्हणून दीडशे सांगणारा पंचेचाळीस हजार जास्त मोजतो.

त्यातच जानेवारी. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकू असतं, आणि शनिवारची संध्याकाळ त्यासाठी लाडकी. जोडप्यातला एकच जण येण्याचं प्रमाण या पंधरवड्यात वाढतं. तारीख धरण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर बघावं. संकष्टी असेल तर अर्धा हॉल चंद्रोदयाची वाट बघत बसतो. जैन ग्राहक असतील तर काही जण सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, त्यांच्यासाठी खाण्याचं काहीतरी आधी मांडावं लागतं. उत्तर मागताना हेही विचारून घ्यावं.

दुसरी गफलत पाठवण्यात होते. सुंदर कार्ड बनवून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात. त्या चित्रातला पत्ता कॉपी होत नाही, नकाशाची लिंक दाबता येत नाही. चित्र हवं तर पाठवावं, पण खाली साध्या अक्षरांत सगळं पुन्हा लिहावं. ब्रॉडकास्ट लिस्टचा संदेश तर फक्त ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच पोचतो. ‘ग्राहक उत्तरच देत नाहीत’ या तक्रारीमागे पुष्कळदा हे असतं. सगळ्यांचा ग्रुप करणं त्याहून वाईट, कारण कुणाचे पैसे तुमच्याकडे आहेत हे नव्वद घरांना एकमेकांचं कळतं. वेळ लागला तरी एकेकाला नावानं पाठवावं, तीनेक आठवडे आधी.

पत्त्यात हॉटेलचं नाव पुरत नाही. रस्त्याला दुभाजक असतो. डेक्कनकडून येणाऱ्याला समोर हॉटेल दिसतं आणि वळायला पुढच्या चौकात जावं लागतं. गाडी आत घ्यायचं फाटक पुष्कळदा मागच्या गल्लीत असतं, आणि नकाशावरची खूण मात्र पुढच्या दारावर. म्हणून स्वतः गाडी घेऊन एकदा जावं आणि त्या फाटकावर उभं राहून लोकेशन घ्यावं. पार्किंग किती गाड्यांचं, हे मॅनेजरच्या तोंडून न ऐकता मोजावं. चाळीस म्हणाला तर त्यात त्यांच्या स्टाफच्या आणि राहणाऱ्या पाहुण्यांच्या गाड्या धरल्या आहेत का ते विचारावं. यांत्रिक पार्किंग असेल तर उंच गाड्या सगळ्या कप्प्यांत बसत नाहीत, आणि गाडी बाहेर काढायला एकेकाला काही मिनिटं लागतात. कार्यक्रम संपल्यावर चाळीस जण एकदम गाडी मागतात तेव्हा ही मिनिटं मोठी होतात. बाहेर रस्त्यावर लावायचं म्हटलं तर पी-१, पी-२चे फलक आहेत. सम-विषम तारखेप्रमाणे बाजू बदलते. १७ विषम तारीख. कुठली बाजू चालेल ते लिहिलं नाही, तर पाहुण्यांची गाडी टोइंगवाले नेतील. नळस्टॉपला मेट्रो आहे हे लिहिलं तर कोथरूडकडचे काही जण गाडीच काढत नाहीत.

वेळेचं म्हणाल तर एकच आकडा देऊ नये. ‘संध्याकाळी ६’ लिहिलं की लोक साडेसहाला येतात, आणि वक्ता रिकाम्या खुर्च्यांकडे बघत बसतो. ‘चहा ५.३० ते ६, कार्यक्रम ६ वाजता सुरू, जेवण ७.३०, साडेआठपर्यंत मोकळे’ असं लिहावं. चहाची वेळ दिली की लवकर येण्याला निमित्त मिळतं, आणि संपण्याची वेळ दिली की ड्रायव्हरला आणि नातवाला सांभाळणाऱ्या शेजारणीला काय सांगायचं ते कळतं.

कपड्यांविषयी फार बोलू नये. ‘स्मार्ट कॅज्युअल’ लिहिलं की साठीचे काका मुलीला फोन करून अर्थ विचारतात. नेहमीचे कपडे चालणार असतील तर ओळच नको. सांगायचंच तर उपयोगाचं सांगावं: हॉलमधला एसी कडक आहे, शाल असू द्यावी, जेवण हिरवळीवर आहे, उंच टाचा रुततील.

शुक्रवारी संध्याकाळी, येणाऱ्यांनाच, एक छोटा संदेश जातो. त्यात वेळ, फाटकाची लिंक आणि एक फोन नंबर. तो नंबर सल्लागारांचा नको. सहा वाजता ते मंचावर असतील आणि फोन सायलेंटवर. मागच्या गल्लीतल्या फाटकावर जो मुलगा उभा करणार आहात, त्याचा नंबर द्या, आणि तो पाच वाजताच तिथे पोचेल असं बघा.